ग्रुपवर नुसता ओटीपी आला, तर काय लिहाल?

बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी अकराच्या सुमारास एक मेसेज पडतो: 482916. मागेपुढे एक शब्द नाही. मिनिटभरात खाली उत्तरं सुरू होतात. एकजण लिहिते, "हा तर ओटीपी आहे." दुसरी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावते. तिसरी लिहिते, "ओटीपी असा कुणी टाकतं का? इतकंही कळत नाही?" ज्या बाईने तो आकडा टाकला ती मेसेज डिलीट करते आणि गप्प बसते.

पहिलं उत्तर बरोबर आहे, पण त्याचा तिला काही उपयोग नाही. तिसऱ्यातली काळजी खरी आहे, पण त्या उत्तराने तिचं तोंड बंद झालं. तो आकडा कशाचा होता, कुणी मागितला होता आणि ग्रुपखेरीज तो आणखी कुठे गेला, या तीन प्रश्नांची उत्तरं आता कुणालाच मिळणार नाहीत. तिचं काही नुकसान होणार असेल, तर ते ठरणार आहे याच तीन उत्तरांवर.

म्हणून असा आकडा आपल्यासमोर आला तर त्या आकड्याबद्दल बोलण्याआधी पाठवणाऱ्या माणसाला सावध करायचं, तेही हळुवारपणे आणि ताबडतोब. हे नेमकं कसं करायचं, ते राजूरच्या परिसरातल्या एका नेहमीच्या प्रसंगावरून पाहू.

आकडा एकटा का येतो

ओटीपी कधीच एकटा येत नाही. तो एका एसएमएसच्या आत येतो. आधारचा असेल तर त्या एसएमएसमध्ये आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे असतात, कोड दहा मिनिटं चालेल असं लिहिलेलं असतं आणि चौकशीसाठी १९४७ हा क्रमांक दिलेला असतो. बँकेचा असेल तर बहुधा रक्कम असते, पैसे कुणाकडे जाणार ते असतं आणि "हा कोड कुणालाही सांगू नका" अशी ओळ असते. व्हॉट्सॲपचा कोड तीन-तीन आकड्यांत, मधे आडवी रेघ देऊन येतो आणि त्यातही तीच ताकीद असते.

पण आजचे बहुतेक फोन एसएमएस आला की वरच्या पट्टीत "कॉपी" असं बटण दाखवतात. ते दाबलं की फक्त सहा आकडे उचलले जातात. रक्कम, नाव, मुदत, ताकीद सगळं मागे राहतं. मग तो आकडा चिकटवायच्या वेळी समोर चुकीचं चॅट उघडं असलं की तो तिथे पडतो. कधी त्यामागे एवढंच असतं. कधी मात्र फोनवर कुणीतरी "ताई, आलेला नंबर व्हॉट्सॲपवर टाका" असं सांगत असतं. कधी घरचंच कुणी खऱ्या कामासाठी वाट पाहत असतं.

वाचणाऱ्याला या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, कारण समोर फक्त सहा आकडे असतात. त्या आकड्यांकडे कितीही वेळ पाहिलं तरी ते बँकेचे, आधारचे की व्हॉट्सॲपचे, हे खात्रीने सांगता येत नाही. मागे राहिलेला तो एसएमएस परत समोर आणणं, हे उत्तर देणाऱ्याचं पहिलं काम.

राजूरकडचा प्रसंग: नवऱ्याचा ओटीपी

अकोले तालुक्यातलं राजूर हे भंडारदऱ्याच्या वाटेवरचं मोठं गाव. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथेच आहे, आणि आसपासच्या वाड्यापाड्यांतली माणसं कागदपत्रांच्या कामांसाठी इथेच येतात. घाटाकडच्या गावांत मोबाइलची रेंज येते-जाते. घरातला कर्ता माणूस अनेकदा मजुरीसाठी नारायणगाव, नाशिक किंवा मुंबईकडे असतो.

२०२५ च्या सप्टेंबरात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. मुदत आधी १८ नोव्हेंबरची होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. महिन्याच्या दीड हजार रुपयांचा प्रश्न असल्यामुळे बायांची धावपळ उडाली. या ई-केवायसीत दोन ओटीपी लागत होते. आधी लाभार्थी बाईचा आधार क्रमांक टाकायचा, संमती द्यायची आणि तिच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. शेवटी जातीचा प्रवर्ग निवडून घोषणापत्र द्यायचं.

आता बाई राजूरला सेवा केंद्रात बसलेली आणि नवरा नारायणगावला शेतात. दुसरा ओटीपी त्याच्या फोनवर येणार. तो तिला कसा पोचवणार? व्हॉट्सॲपवरच. म्हणजे सरकारी कामाची रीतच अशी, की एकाच्या फोनवरचा कोड दुसऱ्याकडे जावा लागतो. अशा वेळी "ओटीपी कुणालाही देऊ नका" एवढंच सांगणं अपुरं पडतं. बाई म्हणणार, दिला नाही तर हप्ता बंद होईल. आणि एकदा नियम मोडायचीच वेळ आली की तो सगळीकडेच मोडला जातो. मग कोड केंद्रवाल्याच्या नंबरवर जातो, ग्रुपवर जातो, आणि "लाडकी बहीण कार्यालयातून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही जातो. योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळंही त्या काळात निघाली होती. खरं संकेतस्थळ ladakibahin.maharashtra.gov.in हे.

आधारचा ओटीपी फक्त या योजनेपुरता नसतो, हेही ध्यानात घ्यायला हवं. आधारच्या ओटीपीवर बँकेत मर्यादित स्वरूपाचं खातं उघडता येतं आणि कागदावर ई-सही होते. कोड तोच, काम वेगळं. आणि एसएमएस वाचून काम कोणतं हे दर वेळी कळेलच असं नाही.

बटण कुणी दाबलं?

ओटीपी आपोआप येत नाही. कुठेतरी कुणीतरी "ओटीपी पाठवा" हे बटण दाबलेलं असतं. म्हणून सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच: बटण तुम्ही दाबलंत, की तुमच्या समोर बसलेल्या ओळखीच्या माणसाने तुमच्या देखत दाबलं, की कुणी दाबलं हे माहीतच नाही?

पहिल्या दोन्ही बाबतीत काम बहुधा खरं असतं, फक्त कोड चुकीच्या जागी पडलेला असतो. तिसऱ्या बाबतीत कुणा परक्याच्या हातात तुमचा आधार क्रमांक, मोबाइल नंबर किंवा कार्डाचा तपशील आधीच पोचलेला आहे, आणि त्याला फक्त शेवटची किल्ली हवी आहे, असं धरून चालायचं.

उत्तर असं लिहा

आता तो सकाळचा प्रसंग पुन्हा घेऊ. ग्रुपवर 482916 पडला आहे. तुम्ही तो पाहिला. आधी ग्रुपवर दोनच ओळी लिहा:

"ताई, हा कोड ग्रुपवर चुकून आलेला दिसतो, डिलीट फॉर एव्हरीवन करून टाका. बाकीच्यांनी तो कुठे वापरू नका, पुढेही पाठवू नका. ताई, मी तुम्हाला वेगळा मेसेज करते."

मग ताईंना एकटीला लिहा:

"ताई, घाबरू नका, असं कुणाचंही होतं. आता आणखी कुणाला तो आकडा देऊ नका. ज्या मेसेजमधून तो आला त्यात वर कुणाचं नाव आहे आणि पुढे काय लिहिलंय, तेवढं वाचून सांगा, आकडा सांगू नका. कुणी फोन करून मागितला होता का?"

या दोन्ही मेसेजमध्ये कोड पुन्हा लिहिलेला नाही, कारण आपणच तो परत लिहिला तर ताईंनी डिलीट करूनही तो ग्रुपवर राहतो. "घाबरू नका" हे आधी आलं आहे, कारण घाबरलेलं माणूस खरं सांगायच्या आधी मेसेज पुसतं. आणि शेवटचा प्रश्न साधा आहे, त्यात आरोप नाही. "कुणाला दिलात?" असं विचारलं तर उत्तर "कुणालाच नाही" असंच येतं. "कुणी मागितला होता का?" असं विचारलं की बाई सांगते, "हो, एकाचा फोन आला होता, अजून चालूच आहे."

हे शेवटचं वाक्य आलं तर लिहीत बसू नका. लगेच व्हॉट्सॲपवरून कॉल करा, लागला नाही तर शेजारच्या घरी फोन करून तिच्याकडे पाठवा. ज्याला कोड हवा असतो तो माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवतो, कारण मधे कुणी घरचं बोललं की डाव फसतो. तिचा फोन सारखा व्यस्त लागतोय आणि ग्रुपवर कोड पडलाय, ही धोक्याची पक्की खूण समजा.

उत्तर कळल्यावर पुढे काय

ताईंनी सांगितलं, "केंद्रात बसलेय, यांचा ओटीपी आला, तो चुकून ग्रुपवर गेला." मेसेजमध्ये आधारचं नाव आहे आणि शेवटचे चार आकडे नवऱ्याच्या आधारचे आहेत. मग काळजीचं फारसं कारण नाही. तो कोड सोडून द्यावा, दहा मिनिटांनी तो तसाही निकामी होतो. नवा मागवावा. नवा मागवताना आधी नवऱ्याला फोन लावावा, फोन चालू असताना केंद्रात बटण दाबावं आणि त्याने एसएमएस पूर्ण वाचून दाखवावा, आकडा तोंडी सांगावा. अशाने कोड कागदावर किंवा चॅटमध्ये राहत नाही आणि संकेतस्थळाची चौकट ताईंच्या डोळ्यांसमोर असते. शेतात रेंज नसेल आणि लिहूनच पाठवावं लागलं, तर फक्त बायकोच्या नंबरवर, पूर्ण मेसेजसह पाठवावं, आणि काम झाल्यावर दोन्हीकडे पुसावं. केंद्रचालकाच्या नंबरवर पाठवू नये. तो माणूस भला असला तरी त्याच्या फोनमध्ये गावभरच्या लोकांचे आधार आणि कोड साठत जाणं कुणाच्याच हिताचं नाही.

ताईंनी सांगितलं, "मेसेज व्हॉट्सॲपचा आहे. गटातल्याच एकीने लिहिलं होतं, माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, पाठव." मग त्या मैत्रिणीचं खातं आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं असण्याचीच शक्यता जास्त. कोड दिला असेल तर ताईंचं व्हॉट्सॲपही फोनमधून बाहेर पडेल. अशा वेळी ताईंनी लगेच आपल्याच नंबरने पुन्हा नोंदणी करून आलेला नवा कोड स्वतः भरावा. तो भरला की समोरचा माणूस बाहेर फेकला जातो. त्याने मधल्या वेळात दुहेरी पडताळणीचा पिन टाकून ठेवला असेल तर ताईंना सात दिवस थांबावं लागू शकतं, पण त्या काळात तोही आत नसतो. गटातल्या बाकीच्यांना मात्र फोन करून कळवावं, कारण पुढचे "दोन हजार पाठव, अडचण आहे" हे मेसेज ताईंच्या नावाने जातात. खातं परत मिळालं की सेटिंगमध्ये दुहेरी पडताळणीचा पिन आपण स्वतः लावून टाकावा.

ताईंनी सांगितलं, "मेसेज बँकेचा होता, आणि फोनवरच्या साहेबांना मी आकडा सांगितला." इथे मिनिटं मोजावी लागतात. आधी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन, त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं किंवा कार्ड बंद करणं, आणि मग cybercrime.gov.in वर तक्रार. १९३० ला लवकर कळवण्याचं कारण असं, की पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकत असतो, आणि तो काढून घेतला जाण्याआधी संबंधित बँकेला कळलं तर ती रक्कम रोखून धरता येते. रात्र झाली, उद्या बँक उघडल्यावर बघू, असं करू नये.

बँकेला कळवण्यामागे आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घातलेल्या नियमाप्रमाणे ग्राहकाने स्वतः कोड किंवा पासवर्ड सांगितल्यामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी असतं. कळवल्यानंतर जे पैसे जातील त्यांची जबाबदारी बँकेवर येते. म्हणजे तक्रार नोंदवल्याच्या वेळेवर पैशांचा हिशेब ठरतो. लाजेपोटी गेलेला अर्धा तास ताईंच्या खिशातून भरला जातो. ग्रुपवरच्या "इतकंही कळत नाही?" या ओळीची किंमत कळते ती इथे.

आणि ताईंनी सांगितलं, "मेसेज आधारचा आहे, पण मी तर कुठे काही भरतच नव्हते." तर कोड कुणाला दिला नसेल तरी स्वस्थ बसू नये. यूआयडीएआयच्या myaadhaar संकेतस्थळावर आधार कुठे कुठे वापरलं गेलं याची मागच्या सहा महिन्यांची नोंद पाहता येते. तिथे अनोळखी नाव दिसलं तर १९४७ वर कळवावं. घरात कुणाला हे जमत असेल त्याने ताईंच्या शेजारी बसून करावं. यासाठीही ओटीपी लागतो, तेव्हा तो ताईंनी स्वतः भरावा.

डिलीट केलं म्हणजे झालं का?

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांच्या फोनमधून काढता येतो. ते जरूर करावं. पण मधल्या वेळात ज्यांनी पाहिला त्यांनी पाहिला, ज्यांच्या सूचनांच्या पट्टीत दिसला त्यांच्याकडे राहिला. म्हणून डिलीट करण्याला उपाय समजू नये. खरा उपाय कोडची मुदत संपू देणं, नवा मागवणं, आणि तो मुळात कशासाठी आला होता याचा छडा लावणं हाच.

उलट, ताईंनी आपल्या फोनमधला मूळ एसएमएस मात्र इतक्यात पुसू नये. त्यात वेळ आहे, पाठवणाऱ्याचं नाव आहे, रक्कम आहे. १९३० वर बोलताना आणि पोलीस ठाण्यात सांगताना हीच माहिती विचारतात. चॅटमधला कोड पुसावा आणि एसएमएस ठेवावा, हा फरक घरातल्या मोठ्या माणसांना समजावून सांगण्यासारखा आहे.

ग्रुपच्या ॲडमिननी एवढं करावं

बचत गट, शाळेचा पालक ग्रुप, गावचा ग्रुप, जो असेल त्यात हा मेसेज वर पिन करून ठेवा:

"कोड ग्रुपवर टाकू नये. चुकून पडला तर लगेच काढावा आणि ॲडमिनना फोन करावा, कुणी बोलणार नाही. योजनेचा नवऱ्याचा किंवा वडिलांचा ओटीपी फोनवरच ऐकावा. आपण बटण दाबलं नसताना कोड आला तर तो कुणालाच देऊ नये, मागणारा कितीही ओळखीचा वाटला तरी. पैसे गेले तर लगेच १९३०."

"कुणी बोलणार नाही" हे नुसतं लिहून भागत नाही, ते पाळावं लागतं. एखादीने चूक केली आणि तिची थट्टा झाली, तर ते पाहणाऱ्या बाकीच्या बायका एकच धडा घेतात: आपलं चुकलं तर सांगायचं नाही. थट्टा करणारीला ॲडमिनने वेगळा फोन करून समजवावं, ग्रुपवर पुन्हा वाद नको. आणि चूक सांगणाऱ्या ताईला आठवडाभराने एकदा विचारावं, "त्या कोडचं पुढे काही झालं का, खात्यात काही वेगळं दिसलं का?" छोट्या रकमेचे व्यवहार कधी कधी नंतर लक्षात येतात, आणि तेव्हा ती कुणाला सांगेल हे पहिल्या दिवशी तिला कसं उत्तर मिळालं त्यावरच ठरतं.